मीटरला चुली मोजता येत नाहीत

'एका कुटुंबाने एका महिन्यात ३२० युनिट वीज वापरली. पहिल्या १०० युनिटांस अमुक दर, पुढील २०० युनिटांस तमुक दर, त्यापुढे ढमुक दर. तर त्या कुटुंबाचे बिल किती?'

पोलीस भरतीच्या गाईडात हे गणित असतं. तलाठ्याच्या, क्लार्कच्या, रेल्वेच्या गाईडातही असतं. खाली चार पर्याय, एकावर गोल. आपली पोरं बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसून ही गणितं घासतात अन् बरोबर सोडवतात. त्यांच्या गणितावर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण पहिल्याच शब्दाशी आहे. 'एका कुटुंबाने.' कुणी सांगितलं एका कुटुंबाने? ताडीवाला रोडला या, कासेवाडीत या, जनता वसाहतीच्या चढणीवर या, अन् मीटरच्या पेटीखाली उभं राहून मला दाखवा की एका मीटरखाली एकच कुटुंब नांदतंय. गणित लिहिणाऱ्या मास्तरला असं वाटतं की जिथं मीटर तिथं एक नवरा, एक बायको, दोन लेकरं अन् एक फ्रीज. दर ठरवणाऱ्या साहेबालाही तसंच वाटतं. त्यांच्या वाटण्याचे पैसे आपण भरतो.

किती भरतो ते सांगायला मी बसलोय. भाषण नाही, हिशेब आहे. मॅट्रिकपर्यंतचं गणित पुरतं, तेवढं माझ्याकडं आहे.

आधी शब्दाचं पाहू. आपल्याकडं स्लॅब म्हटलं की डोक्यावरचं छत. 'त्यानं स्लॅब टाकला' म्हंजे तो माणूस पत्र्यातून वर आला. विजेच्या बिलातला स्लॅब म्हंजे पायरी. पहिल्या शंभर युनिटांची एक पायरी, १०१ ते ३०० ची दुसरी, ३०१ ते ५०० ची तिसरी, त्याच्या वर चौथी. महावितरणच्या घरगुती बिलाच्या या पायऱ्या. २०२४-२५ सालचे दर घेतो. वीज आकार अन् वहन आकार मिळून पहिल्या पायरीला युनिटमागं ५ रुपये ८८ पैसे, दुसरीला ११ रुपये ४६ पैसे, तिसरीला १५ रुपये ७२ पैसे. दर दरसाल हलतात, तेव्हा तुमच्या हिशेबाला तुमच्या बिलावर छापलेले दर घ्या; रीत तीच राहते. याशिवाय महिन्याचा स्थिर आकार असतो, तो सोपं जावं म्हणून मी १३० रुपये धरतो. अन् या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क, ते सरकारच्या तिजोरीत. इंधन समायोजन नावाचं आणखी एक शेपूट असतं, महिन्यागणिक लांब-आखूड होणारं. ते इथं सोडून देतो.

एक गैरसमज वस्तीत पक्का रुतलाय, तो आधी काढू. बायामाणसं म्हणतात, "तीनशेच्या वर एक जरी युनिट गेलं ना, तर सगळं बिल मोठ्या दरानं मारत्यात." नाही मारत. पायरी चढली म्हणून खालच्या पायऱ्या उखडल्या जात नाहीत. पहिले शंभर पहिल्याच दरानं लागतात, मग तुमचा वापर पाचशे असो की हजार. तीनशेवरून तीनशे एक झालं तर बिल १५ रुपये ७२ पैशांनी अन् त्यावरच्या शुल्कानं वाढतं, म्हंजे अठरा रुपये अन् वर चिल्लर. तेव्हा महिनाअखेरीला त्या एका युनिटाच्या भीतीनं पंखा बंद करून लेकराला घामात झोपवण्यात काही मतलब नाही. मार बसतो तो एका युनिटाचा नाही, ढिगाचा बसतो. अन् तो ढीग कसा तयार होतो तेच खरं पाहायचंय.

पुण्यातल्या रिक्षाचं घ्या. २०२२ च्या सप्टेंबरात दर ठरला: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढं दर किलोमीटरला १७. या दरानं स्टेशनवरून पाच किलोमीटर जायचं तर २५, अधिक साडेतीन गुणिले १७, झाले साडेचौऱ्याऐंशी रुपये. आता तिघं जण एका रिक्षात बसा. मीटरला माणसं मोजता येत नाहीत, ते साडेचौऱ्याऐंशीच दाखवणार. तिघांत वाटले की माणशी अठ्ठावीस. एकत्र बसलं की स्वस्त पडतं, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक. एका चुलीवर दोघींचा चहा होतो, एका टेम्पोत दोघांचं सामान जातं. गरीब माणूस सगळं एकत्र करतो, कारण एकत्र केल्यानं खर्च वाटला जातो.

विजेच्या मीटरवर नेमकं उलटं होतं. चार बिऱ्हाडं एका मीटरखाली बसली की दर वाटला जात नाही, दर चढतो.

माझी आत्या ताडीवाला रोडला भाड्यानं राहते. खाली दोन खोल्या, वर लोखंडी जिना चढून दोन खोल्या. चार खोल्या, चार बिऱ्हाडं, चार गॅस, चार रेशनकार्डं. मीटर एक, मालकाच्या नावाचं. प्रत्येक खोलीच्या दारावर मालकानं बाजारातून आणलेलं छोटं मीटर ठोकलंय, त्याला सगळे सबमीटर म्हणतात. एक तारखेला मालकाचा पोरगा वही घेऊन येतो, आकडा वाचतो, पंधरानं गुणतो अन् पैसे घेऊन जातो. युनिटला पंधरा रुपये. का पंधरा? तर "वरून तेवढंच येतं" असं तो म्हणतो. वरून म्हंजे कुठून हे त्याला विचारायचं नसतं. ज्याला विचारायचं असेल त्यानं खोली खाली करावी.

तर वरून किती येतं ते काढू. समजा प्रत्येक खोलीत महिन्याला ८० युनिट जळतात. दोन ट्यूब, दोन पंखे, टीव्ही, मिक्सर, मोबाइल, कुणाकडं जुना फ्रीज. ऐंशी युनिट म्हंजे काही चैन नव्हे. चार खोल्यांचे मिळून ३२० युनिट. हेच ते गाईडातलं 'एक कुटुंब'.

पहिले १०० युनिट, ५८८ रुपये. पुढचे २००, २,२९२ रुपये. वरचे २०, ३१४ रुपये ४० पैसे. बेरीज ३,१९४ रुपये ४० पैसे. त्यात स्थिर आकाराचे १३० घातले, वर १६ टक्के चढवले, की मालकाच्या हातात बिल पडतं ते ३,८५६ रुपयांचं. ३२० नं भागा. युनिटला बारा रुपये अन् पाच पैसे.

आता त्याच चार खोल्यांना चार मीटर असते तर? प्रत्येकाचे ऐंशीच्या ऐंशी युनिट पहिल्याच पायरीवर. ४७० रुपये ४० पैसे, स्थिर आकार १३०, वर शुल्क. खोलीमागं ६९६ रुपये. चौघांचे मिळून २,७८६.

तीच वीज. तीच तार. तेच दिवे, तेच पंखे, तीच माणसं. एक मीटर असलं की ३,८५६ अन् चार असली की २,७८६. महिन्याला १,०७० रुपयांचा फरक, अन् तोही चार-चार स्थिर आकार भरून. हे हजार रुपये मालकानं खाल्ले नाहीत, हे नीट ध्यानात घ्या. हे पायरीनं खाल्ले. चार बिऱ्हाडं मिळून एक पैशेवालं बिऱ्हाड आहे असं समजून पायरीनं त्यांच्याकडून पैशेवाल्याचा दर वसूल केला.

मालकानं खाल्ले ते वेगळे. तो पंधरा दरानं ३२० युनिटांचे ४,८०० गोळा करतो अन् ३,८५६ भरतो. उरलेले साडेनऊशे त्याच्या खिशात, भाड्याखेरीज. आत्या ऐंशी युनिटांचे १,२०० देते. स्वतःच्या मीटरवर तिनं ६९६ दिले असते. महिन्याला पाचशे रुपये. ती सकाळी तीन घरची धुणीभांडी करते, त्यातल्या एका घरी एवढाच तिचा निम्मा पगार पडतो. म्हंजे महिन्यातले पंधरा दिवस ती एका घरचा उंबरा फक्त पायरीसाठी अन् मालकाच्या वहीसाठी चढते.

ही पायरी काढली कुणी अन् कशासाठी? हेतू वाईट नव्हता, हे मी कबूल करतो. गरीब कमी वीज वापरतो, म्हणून पहिली पायरी स्वस्त. श्रीमंत जास्त वापरतो, म्हणून वरची महाग. वरच्यानं खालच्याला हात द्यायचा. कागदावर समाजवादच की! गोदीत याच्या उलट पायरी होती. आम्ही आज ठेकेदाराच्या हजेरीवर माल उतरवतो, पण जुनी मंडळी सांगतात, त्यांना टनांचा डेटम असे. तेवढा माल काढला की पुढच्या टनाला जादा पैसे. तिथं पायरी घाम मोजायची, अन् घाम कुणाचा ते टोळीच्या हजेरीवर नावानिशी लिहिलेलं असायचं. विजेच्या पायरीकडं हजेरीच नाही. युनिट किती जळले ते तिला समजतं, किती चुलींनी जाळले ते समजत नाही. कमी वीज वापरणारा तो गरीब, हे खरं. पण कमी मीटर असणाराही गरीबच असतो, हे ज्यांच्या प्रत्येक पोराच्या खोलीला वेगळा एसी आहे त्यांच्या डोक्यात कुठून येणार?

अन् त्यांच्याकडं काय चालतं? बंगला एक, भाऊ दोन. वरच्या मजल्याचं मीटर एकाच्या नावावर, खालचं दुसऱ्याच्या. जेवण एका टेबलावर. त्यांना पहिली स्वस्त पायरी दोनदा मिळते. हे थांबवायचं म्हणूनच एका जागेत दुसरं मीटर मागितलं की ऑफिसात आधी संशयानं बघतात. संशय बंगल्यासाठी जन्माला आला, पण फाइल अडते ती खोलीची. बंगलेवाल्याकडं वाटणीपत्र असतं, आपल्याकडं डायरीत लिहिलेली भाड्याची पावतीसुद्धा नसते.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल कवी आहे, वाहवत गेला. प्रत्येकानं वेगळं मीटर घेणं नेहमीच फायद्याचं नसतं. आत्याच्या शेजारची म्हातारी एकटी असते. एक बल्ब, एक पंखा, महिन्याला पंचवीस युनिट. अशी चार म्हाताऱ्यांची चार बिऱ्हाडं एका मीटरखाली असती तर सगळे मिळून शंभर, पूर्ण स्वस्त पायरीवर, अन् स्थिर आकार एकदाच. वेगळी मीटर घेतली तर स्थिर आकार चारदा. तोटाच. मग फायदा कुठून सुरू होतो? तीन जादा स्थिर आकार म्हंजे ३९० रुपये. दुसऱ्या पायरीवरचं प्रत्येक युनिट पहिलीपेक्षा ५ रुपये ५८ पैशांनी महाग. ३९० भागिले ५.५८, साधारण सत्तर. म्हणजे चौघांचा मिळून वापर शंभरावर सत्तर, एकशेसत्तर झाला की बरोबरी. खोलीमागं साडेबेचाळीस युनिट. त्याच्या खाली असाल तर एकत्र राहा, वर असाल तर मीटर मागा. खोल्या चाराऐवजी दोन किंवा सहा असतील तर आकडा बदलेल, पण काढायची रीत हीच: जादा स्थिर आकार एका पारड्यात, पायऱ्यांचा फरक दुसऱ्यात.

पायरीचा आणखी एक आंधळेपणा आहे. ती माणसं एकत्र कोंबली की चढते तशी महिने एकत्र कोंबले तरी चढू शकते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्चअखेरीपासून रीडिंग बंद होतं. लोकांना सरासरीची बिलं आली अन् जूनमध्ये साचलेलं सगळं एकदम पडलं. पुण्यात काय, अख्ख्या महाराष्ट्रात बोंबाबोंब झाली. तेव्हा कंपनीनं सांगितलं की युनिट महिन्यांत वाटून पायरीचा फायदा दिलाय. दिलाय की नाही हे प्रत्येकाला तपासता येतं, तेवढं मात्र यायला हवं. तीन महिन्यांचे ३०० युनिट असतील तर महिन्याला शंभर. वर घेतलेल्या दरानं सगळे पहिल्या पायरीवर, १,७६४ रुपये. तेच तीनशे एका महिन्याचे समजले तर २,८८०. रीडिंगच्या दोन तारखा बिलावर छापलेल्या असतात. आधी तारखांमधले दिवस मोजा, मग रक्कम बघा. दिवस साठ अन् पायरी एकाच महिन्याची लावलेली दिसली, तर बिल चुकलंय, अन् ते दुरुस्त करून मागायचा हक्क आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, अन् वीज त्यांच्याच खात्यात होती. त्यांच्या जयंतीला आपण अख्ख्या वस्तीवर लायटिंग करतो, पण १९४३ साली त्यांनी विजेच्या समितीपुढं काय मांडलं हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? वीज नुसती स्वस्त असून भागत नाही, ती मुबलक हवी. विजेशिवाय कारखाने नाहीत अन् कारखान्यांशिवाय या देशातल्या माणसाची दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा मुद्दा होता. वीज सरकारच्या हाती असावी की खाजगी धंदेवाल्यांच्या, हा सवालही त्यांनी तिथंच टाकला होता. त्यांनी वीज म्हटलं तेव्हा शेवटच्या माणसाच्या हातापर्यंत म्हटलं. आपल्याकडं ती शेवटच्या माणसाच्या भिंतीवरून मालकाच्या मीटरात जाते.

कायदा काय म्हणतो? हे वाचा अन् पाठ करा, गाईडापेक्षा जास्त कामाला येईल. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३. त्यात वीजपुरवठा मागायचा हक्क जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दिलाय. 'किंवा' हा शब्द आहे तिथं. भोगवटादार म्हंजे जो तिथं राहतो तो. म्हणजे भाडेकरू. २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं: मालक ना हरकत देत नाही या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, वीज ही मूलभूत गरज आहे अन् वीज देणाऱ्यानं एवढंच बघायचं की अर्ज करणारा त्या जागेत राहतो की नाही.

एवढं सरळ असताना मीटर का मिळत नाही? कारण ऑफिसच्या खिडकीवर कलम ४३ बसलेलं नसतं, कागद बसलेला असतो. भाडेकरार आणा म्हणतात. आपल्या वस्तीत खोली तोंडी मिळते अन् तोंडीच जाते. जागेचा पुरावा म्हणून जे काही आहे ते मालकाच्या नावाचं, अन् मालक म्हणतो, "मीटर तुझ्या नावावर झालं की उद्या खोली तुझ्या नावावर करशील." त्याची भीती खोटी आहे. विजेच्या बिलानं कुणी जागेचा मालक होत नाही. पण भीती खोटी असली तरी त्याच्या हातातलं कुलूप खरं असतं. कायदा भाडेकरूला वीज देतो, खोली देत नाही. म्हणून माणूस पंधरा रुपये भरतो अन् गप बसतो.

दिल्लीत २०१९ च्या सप्टेंबरात सरकारनं भाडेकरूंसाठी वेगळ्या प्रीपेड मीटरची योजना काढली, मालकाच्या ना हरकतीशिवाय. का काढावी लागली? कारण त्याच्या आधीच्या महिन्यात तिथं दोनशे युनिटांपर्यंत वीज फुकट झाली होती, अन् फुकट झालेली वीज मालकाच्या मीटरात अडकून भाडेकरूपर्यंत पोचत नव्हती. म्हणजे पायरी स्वस्त करून पुरत नाही, ती कुणाच्या पायाखाली येते ते बघावं लागतं, हे एका सरकारला तरी कळलं. भाडेकराराचा कागद तिथंही मागतातच. तिथं सगळं सोनं झालं असं मी म्हणत नाही. पण प्रश्न आहे एवढं तरी मान्य झालं. आपल्याकडं दर वाढले की मोर्चा निघतो. 'दरवाढ रद्द करा'. जरूर काढा, मीही येतो. पण दर रुपयानं कमी होऊन आत्याचे ऐंशी रुपये वाचतील, अन् मीटर वेगळं झालं तर पाचशे. मोर्चाच्या फलकावर दुसरी ओळ कधी येणार? राहणाऱ्याच्या राहण्याचा साधा पुरावा, आधार, रेशनकार्ड, पोरांच्या शाळेचा दाखला, यावर मीटर द्या. अन् जिथं भिंतच अशी की चार मीटर बसत नाहीत, तिथं त्या एका मीटरवर जितकी बिऱ्हाडं तितक्या पटीनं पायरी रुंद करा. चार चुली असतील तर पहिली पायरी शंभराची नाही, चारशेची. महिने साचले की पायरी महिन्यांच्या पटीनं रुंद करता येते. मग चुली साचल्यावर का नाही? वस्तीत किती चुली हे मोजायला निवडणुकीच्या आधी माणसं बरोबर येतात.

तोवर काय करायचं? ज्याच्याकडं एखादा तरी कागद आहे त्यानं ए-१ चा अर्ज भरावा, लेखी द्यावा अन् पोच घ्यावी. नकार दिला तर तोंडी ऐकून परत येऊ नये, लेखी मागावा. त्या लेखी नकारावर ग्राहक तक्रार निवारण मंचात जाता येतं, तिथं वकील लागत नाही. एकट्यानं जाऊ नका. एका घरातल्या चौघांनी मिळून जा, म्हंजे मालकाला चारही खोल्या एकदम खाली करणं जड जातं.

अन् ज्याला तेही शक्य नाही त्यानं निदान मालकाकडं मूळ बिल बघायला मागावं. बिल गुपित नसतं. त्यावरचा ग्राहक क्रमांक माहीत असला की रक्कम कळते. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, याच्या वर एक पैसा देऊ नये. आत्याच्या घरात हे झालं. सगळ्यांनी मिळून मालकाला गाठलं, बरीच शिवीगाळ झाली, पण दर पंधरावरून बारावर आला. मग खरी गंमत सुरू झाली, कारण आता भांडण आपसात लागलं.

दर महिन्याला काही सगळ्यांचे ऐंशी नसतात. एका महिन्यात आकडे होते चाळीस, साठ, ऐंशी अन् एकशेचाळीस. बेरीज तीच ३२०, बिल तेच ३,८५६. एकशेचाळीसवाल्याकडं फ्रीज अन् कूलर. चाळीसवाली विधवा बाई, दोन पोरींची आई. ती म्हणाली, "माझ्या चाळीसाला बाराचा दर का? मी तर पहिल्या पायरीवरच आहे." फ्रीजवाला म्हणाला, "माझंच युनिट तीनशेएकावं कशावरून? तुमचं पण असंल." दोघांचंही बरोबर. तारेतून वीज येताना सगळ्यांची एकदम येते, कुठलं युनिट कुठल्या पायरीवर चढलं ते तिच्यावर लिहिलेलं नसतं. सरसकट बारानं भरलं तर त्या बाईचे ४८२ होतात. वेगळं मीटर असतं तर ४२४ झाले असते.

आम्ही जिन्यावर बसून एक रीत बसवली. स्वस्त पायरीचे शंभर युनिट हे घरातल्या चारही चुलींचे, म्हणून ते आधी सारखे वाटायचे, प्रत्येकाला पंचवीस, ५ रुपये ८८ पैशांनी. स्थिर आकारही चौघांत सारखा. उरले २२० युनिट अन् त्यांचे २,६०६ रुपये, म्हणजे युनिटला ११ रुपये ८५ पैसे. ज्यानं पंचवीसच्या वर जितके जाळले तितके त्यानं या दरानं भरायचे. शेवटी सगळ्यांच्या आकड्यावर १६ टक्के. त्या बाईचे झाले ४१४. साठवाल्याचे ६८९. आत्याचे ९६४. फ्रीजवाल्याचे १,७८९, म्हणजे सरसकट दरापेक्षा शंभरेक रुपये जास्त. बेरीज तंतोतंत ३,८५६.

फ्रीजवाला तासभर कागद उलटासुलटा करून बघत होता. शेवटी म्हणाला, "स्वतःचं मीटर असतं तर मला किती पडलं असतं?"

काढून दिलं. १,३६५.

"मग सोमवारी जाऊ ऑफिसात," तो म्हणाला. "रेशनकार्ड चालंल का विचारू."